नवीन फ्लॅट: पाइप गॅस घ्यावा की सिलिंडरच चालू ठेवावा? (हॉब आधीच घेऊन झालाय)

चैत्राली
नमस्कार मंडळी. फ्लॅटचा ताबा मिळाला, पुढच्या महिन्यात राहायला जाणार. इमारतीत पाइप गॅसची उभी लाइन आलेली आहे. आमच्या ओट्याखाली तिचं तोंड बूच लावून बंद करून ठेवलंय, मीटर अजून बसलेलं नाही. सुताराने मात्र न विचारताच सिलिंडरसाठी वेगळं कपाट करून ठेवलंय, तेही सिंकच्या शेजारी.

आत्ताच्या घरी सिलिंडर आहे आणि तशी काही तक्रार नाही. म्हणून दोन प्रश्न. पाइप गॅस घेतला तर खर्चात खरंच फरक पडतो का? आणि नवीन घरात ओट्यात बसवायचा चार बर्नरचा हॉब आधीच घेतलाय, तो त्याच्यावर चालेल का? हॉबच्या खाली स्टिकर आहे, त्यावर एलपीजी आणि 30 मिलिबार असं छापलंय. दुकानदार म्हणाला, "दोन्हीवर चालतो, काही करावं लागत नाही." हे "काही करावं लागत नाही" मला जरा खटकलं.

वामनसुत
डोळे झाकून पाइप घ्या. नंबर लावणं नाही, मध्यरात्री गॅस संपणं नाही. शिवाय पाइपमधला गॅस हवेपेक्षा हलका असतो, गळला तरी वर निघून जातो. एलपीजी जड, जमिनीलगत साचतो. म्हणून पाइपवाल्या घरात अलार्म आणि जाळ्या वगैरे लागत नाहीत.

हॉबचं म्हणाल तर गॅसमध्ये तसा फरक नाही, दाब कमी असतो एवढंच. जेटची भोकं जरा मोठी करून घ्यायची. कोणताही शेगडी दुरुस्तीवाला बारीक ड्रिलने दहा मिनिटांत करून देतो. आमच्याकडे तसंच केलंय, तीन वर्षं चालू आहे.

टकटक
माझाही हाच प्रश्न आहे! बाथरूममधला गॅस गिझर सिलिंडरवर चालतो, तो पाइपला जोडला तर चालेल ना? नळी तर तीच बसते.

जोडारी
मी गॅस जोडणीच्या कामात सव्वीस वर्षं काढली. आता निवृत्त आहे, पण हात अजून चालतो. तिघांनाही उत्तर देतो.

टकटक, आधी तुम्हाला, कारण तुमचं काम धोक्याचं आहे. नळी बसते म्हणून गिझर जोडू नका. गिझरच्या पाटीवर ज्या गॅसचं नाव आहे त्याच गॅसवर तो चालवायचा. शेगडीत जेट बदलून भागतं, पण गिझरमध्ये बर्नरची पूर्ण नळकांडी आणि बऱ्याचदा आतला गॅसचा व्हॉल्व्हही बदलावा लागतो. कंपनी तसा संच देत असेल तर तिच्याच माणसाकडून करून घ्या, नाहीतर नवा घ्या. आणि गिझर बाथरूमच्या आत असेल, धूर बाहेर नेणारी नळी नसेल, तर गॅस कुठलाही असो, तो आधी तिथून हलवा. बंद खोलीत ज्योतीला हवा कमी पडली की कार्बन मोनॉक्साइड होतो. त्याला वास नाही, रंग नाही. त्यात माणूस झोप लागल्यासारखा जातो.

चैत्रालीताई, तुम्हाला खटकलं ते बरोबर खटकलं. दुकानदाराचं अर्धंच खरं आहे. हॉब दोन्हीवर चालू शकतो, पण आपोआप नाही.

सिलिंडरमधला गॅस म्हणजे प्रोपेन आणि ब्यूटेन, पाइपमधला मुख्यतः मिथेन. ही दोन वेगळी इंधनं आहेत. एक घनमीटर एलपीजी वायूत एक घनमीटर नैसर्गिक गॅसच्या अडीच ते तीन पट उष्णता असते. म्हणजे तेवढीच आच हवी असेल तर पाइप गॅस जास्त सोडावा लागतो, त्यात त्याचा दाबही कमी, साधारण 20 मिलिबार. म्हणून भोक मोठं लागतं. वामनसुत म्हणतात त्यातलं एवढं खरं आहे.

पण ड्रिल मारू नका. जेट म्हणजे नुसतं भोक नव्हे. ते आतून निमुळतं आणि गुळगुळीत केलेलं असतं, वायूची धार सरळ मध्यावर जाते आणि जाताना बरोबर लागेल तेवढी हवा ओढून घेते. हाताने ड्रिल मारलं की कडा खडबडीत राहते, धार वाकडी होते. एक बर्नर निळा जळतो, दुसरा पिवळा. आणि पुढे घर बदललं, परत सिलिंडरवर आलात, तर मोठं केलेलं भोक लहान करता येत नाही. हॉबच्या खोक्यात एक छोटी पिशवी असेल, बहुतेक थर्माकोलच्या खाचेत अडकलेली. तीत चार-पाच पितळी जेट असतील. ती फेकली नसेल तर शोधा.

चैत्राली
सापडली! माहितीपुस्तिकेच्या पानांत चिकटपट्टीने लावलेली होती. चार जेट आहेत. एकावर 72, दोनांवर 97, एकावर 115. इतके बारीक आकडे की फोनच्या कॅमेऱ्यात मोठं करून वाचावे लागले.

जोडारी
हेच हवे होते. तो आकडा म्हणजे भोकाचा व्यास, मिलिमीटरच्या शंभराव्या भागात. 97 म्हणजे 0.97 मिलिमीटर. आत्ता हॉबमध्ये जे बसलेत ते बहुधा 50, 65, 65 आणि 85 असतील. छोट्या बर्नरला 72, दोन मधल्यांना 97, मोठ्याला 115. हे आकडे कंपनीप्रमाणे थोडे बदलतात. तुमच्या पुस्तिकेत तक्ता असेल, शेवटचा शब्द त्याचा.

न बदलता पाइप जोडला तर काय होईल ते हिशेबाने सांगतो. मधल्या बर्नरला 97 च्या जागी 65 राहिला तर भोकाचं क्षेत्रफळ निम्म्याहूनही कमी, 45 टक्क्यांच्या आसपास. आचही तेवढीच. धोका फार नाही, पण सगळं खोळंबेल. उलट झालं, म्हणजे पाइपचे जेट राहिले आणि सिलिंडर जोडला, तर सव्वादोन पटीने जास्त गॅस बाहेर येतो. पिवळी, उंच, धुरकट ज्योत, काजळी आणि मोनॉक्साइड. म्हणून पाइपवरून परत सिलिंडरवर जाणाऱ्यांनी जास्त जपायचं.

हेमाडी
खर्चाचं कोणी बोललं नाही म्हणून मी बोलतो. भाव जागोजाग वेगळे आणि बदलते, म्हणून आकडा देत नाही. पद्धत देतो, ती कुठेही चालेल.

एक किलो एलपीजीत साधारण 46 मेगाज्यूल उपयोगी उष्णता असते, एक घनमीटर पाइप गॅसमध्ये साधारण 35 ते 36. म्हणजे एक किलो एलपीजीचं काम सुमारे 1.3 घनमीटर पाइप गॅस करतो. आता सिलिंडरच्या भरण्याची किंमत त्यातल्या गॅसच्या वजनाने भागा, किलोचा भाव निघेल. त्याला 1.3 ने भागलं की जो आकडा येईल त्याहून पाइपचा घनमीटरचा भाव कमी असेल तर पाइप स्वस्त.

पण थांबा. पाइपच्या बिलात मीटरचं किंवा सेवेचं ठरावीक शुल्क असतं का, ते विचारा. चौघांच्या घरात ते वापरात मुरतं. एकट्या माणसाच्या घरात, महिन्याला तीन किलो गॅस लागत असेल तर, तेवढ्याशा वापरावर ते शुल्क बसतं आणि पारडं फिरू शकतं. काही ठिकाणी बिल घनमीटरवर नसून उष्णतेच्या एककावर असतं, तेव्हा तुलना आधी एकाच एककात आणा. जोडणीची अनामत रक्कम परत मिळणारी आहे की नाही, तेही विचारून ठेवा.

चैत्राली, महिन्याला किती किलो लागतो, ते ठाऊक आहे का? "एक सिलिंडर अमुक दिवस पुरतो" हे उत्तर नको, वजन हवं.

चैत्राली
वजन कधी केलं नव्हतं. पण सिलिंडर कालच नवा लागलाय, म्हणून माणसांच्या वजनकाट्यावर ठेवून पाहिला. गळपट्टीवर रिकाम्या सिलिंडरचं वजन कोरलेलं असतं, हे आज पहिल्यांदा लक्षात आलं. एकूण वजनातून ते वजा केलं की उरलेला गॅस. महिनाभर थांबून सांगते. तोवर पाइपसाठी अर्ज भरून ठेवतेय.

मधुरा_क
मी मध्येच माझं सांगते, रागवू नका. माझी आई 74 वर्षांची, तिला वास येत नाही. दोन वर्षांपूर्वी एका आजारानंतर गेला तो आलाच नाही. गेल्या आठवड्यात मी तिच्याकडे गेले तर दार उघडताच गॅसचा वास. बर्नरची चावी अर्धवट फिरलेली होती आणि ती शेजारच्या खोलीत निवांत वाचत बसली होती. तिला काहीच कळलं नव्हतं. मी खिडक्या उघडल्या, सिलिंडरचा रेग्युलेटर बंद केला, दिव्याच्या बटणाला हात लावला नाही. तेव्हापासून मला नीट झोप नाही.

वामनसुत म्हणतात पाइपला अलार्म लागत नाही. मग आईकडेही पाइप घ्यावा का, म्हणजे वास न येण्याचा प्रश्न सुटेल?

जोडारी
मधुराताई, नाही. मुळात दोन्ही गॅसना स्वतःचा वास नसतो. गळती कळावी म्हणून उग्र वासाचं द्रव्य मुद्दाम मिसळतात. ज्याला वास येत नाही त्याच्यासाठी ती राखण संपलेलीच आहे, गॅस कुठलाही असो. अलार्म दोन्हीकडे हवा, आणि तुमच्या आईंच्या घरी तो आधी हवा, बाकी सगळं नंतर.

फक्त तो कुठे लावायचा, इथे गॅसचा फरक कामाला येतो. एलपीजी हवेच्या दीडपट ते दुप्पट जड, तो जमिनीवरून पाण्यासारखा वाहतो. अलार्म जमिनीपासून वीतभर-हातभर वर. पाइपचा गॅस हवेच्या निम्म्याहून थोडा जास्त वजनाचा, तो वर चढतो. अलार्म छताखाली हातभराच्या आत, आणि शेगडीच्या अगदी वर नाही, नाहीतर वाफेने सारखा वाजेल.

"वर निघून जातो" हे वामनसुतांचं म्हणणं उघड्यावर खरं आहे. घरात तो छतापर्यंत जातो आणि तिथे अडतो. खोट्या छताच्या पोकळीत, वरच्या कपाटांत साचतो. हवेत पाच टक्के झाला की पेटू शकतो. म्हणून पाइपसाठी हवा जायची जाळी वर हवी, सिलिंडरसाठी जमिनीलगत हवी. मी किती घरांत सिलिंडरसाठी केलेली खालची जाळी तशीच ठेवून पाइप घेतलेला पाहिलाय आणि वरची खिडकी काचेने कायमची बंद.

आईंसाठी अजून एक गोष्ट. ज्योत विझली की गॅस आपोआप बंद करणारी सोय असलेली शेगडी घ्या. बर्नरच्या बाजूला एक बारीक टोकदार दांडी असते, ती ज्योतीत तापलेली असते तोवरच गॅस चालू राहतो. पेटवताना चावी काही सेकंद दाबून धरावी लागते. म्हाताऱ्या माणसांना तेवढं कंटाळवाणं वाटतं, पण न पेटवता अर्धी फिरलेली चावी गॅस सोडत नाही. तुमच्या आईंच्या बाबतीत नेमकं तेच झालं होतं.

मधुरा_क
आजच अलार्म मागवला. तिच्याकडे सिलिंडर आहे, म्हणजे खाली. शेगडीचंही बघते. धन्यवाद काका.

वामनसुत
अलार्मचं मान्य. आमच्याकडे नाही, आज बायकोला वाचून दाखवलं. पण ड्रिलच्या बाबतीत, आमची शेगडी तीन वर्षं नीट चालतेय हेही खरंच आहे.

जोडारी
चालत असेल. भांड्यांची बुडं काळी होतात का, तेवढं बघा आणि सांगा.

वामनसुत
मोठ्या बर्नरवरची होतात. मला वाटलं जुना बर्नर आहे म्हणून.

चैत्राली (सहा आठवड्यांनी)
राहायला आलो. आधी हेमाडींचं उत्तर. 30 दिवसांत बरोबर 9 किलो गॅस लागला. 1.3 ने गुणलं की 11.7 घनमीटर. इथला ठरावीक आकार धरूनही पाइप थोडा स्वस्त पडतोय. फार नाही, पण ओझं उचलणं वाचलं हे मला जास्त मोलाचं वाटलं. सुताराचं ते कपाट आता डब्यांना दिलं.

पण जोडणीच्या दिवशी गोंधळ झाला. मीटर बसवायला आलेला माणूस मीटर लावून, नळी जोडून, एक बर्नर पेटवून दाखवून निघून गेला. सुरुवातीला मिनिटभर नुसतंच सूं सूं, पेटेना. मग पेटला. जेटचं विचारलं तर "ते आमचं काम नाही" म्हणाला. संध्याकाळी मी मधल्या बर्नरवर दोन लिटर पाणी ठेवलं. जुन्या घरी याच भांड्यात अकरा मिनिटांत उकळायचं. इथे पंचवीस मिनिटं झाली तरी नुसते बुडबुडे.

जोडारी
सुरुवातीचं सूं सूं म्हणजे पाइपातली हवा, ते साहजिक आहे. आणि अकराचे पंचवीस म्हणजे मी सांगितलेला 45 टक्क्यांचा हिशेबच तुमच्या भांड्यात दिसला. जेट बदलून घ्या. हॉब कंपनीच्या सेवेला फोन करा, पिशवी हाताशी ठेवा.

चैत्राली (तीन दिवसांनी)
तंत्रज्ञ येऊन गेला. जेट बदलले म्हणाला. आता मोठा बर्नर मरगळल्यासारखा जळतो आणि डावीकडचा मधला बर्नर धडधडून, ज्योतीची टोकं पिवळी. काल एका कोऱ्या भांड्याचं बूड काळं झालं, बोटाने पुसलं तर काजळी निघाली. शिवाय छोटा बर्नर अगदी मंद केला की विझतो. मला पिवळी ज्योत बघून भीती वाटली, दोन दिवस तो बर्नर लावलाच नाही.

जोडारी
भीती वाटली ते योग्य, बंद ठेवलात ते त्याहून योग्य. माझा अंदाज सांगतो, तुम्ही पडताळून बघा. मीटरजवळची चावी बंद करा. बर्नर थंड असताना त्याची टोपी आणि कडं उचला, खाली खड्ड्यात जेट दिसेल. टॉर्च मारून फोटो काढा आणि आकडा वाचा. काहीही फिरवू नका, फक्त वाचा.

चैत्राली
वाचलं. धडधडणाऱ्या मधल्या बर्नरमध्ये 115. मरगळलेल्या मोठ्यात 97. छोट्यात 72 आणि उजव्या मधल्यात 97 बरोबर आहेत.

जोडारी
अदलाबदल झालीय. 97 च्या जागी 115 म्हणजे 40 टक्के जास्त गॅस, तेवढी हवा त्या बर्नरला ओढता येत नाही, म्हणून पिवळं टोक आणि काजळी. आच जास्त दिसते, पण अर्धवट जळते. त्यालाच परत बोलवा, फोटो दाखवा. अशा वेळी "सुरुवातीला थोडं पिवळं जळतंच" असं सांगतात, ते ऐकू नका. जेट बसवल्यावर आट्यांच्या सांध्यांवर साबणाचं पाणी लावून घ्यायला सांगा. बुडबुडा आला तर गळती. काडी ओढून बघणारा दिसला तर त्याला थांबवा.

छोटा बर्नर मंद केल्यावर विझतो त्याचं कारण वेगळं. चावीच्या दांडीशेजारी, कधी दांडीच्या आत, एक छोटा स्क्रू असतो. मंद आचेला किती गॅस जाईल ते तो ठरवतो. एलपीजीसाठी तो पूर्ण आवळलेला असतो. पाइप गॅससाठी तो थोडा सैल करावा लागतो, साधारण एखादा फेरा, पण नजर ज्योतीवर ठेवून. ज्योत लहान पण स्थिर, आणि चावी झटकन मोठ्यावरून लहानवर आणली तरी न विझणारी. बरेच तंत्रज्ञ जेट बदलतात आणि हा स्क्रू विसरतात. त्याला नाव घेऊन सांगा: मंद आचेचा स्क्रू.

टकटक
गिझरचं सांगतो. कंपनीला विचारलं, माझ्या मॉडेलला पाइप गॅसचा संच नाहीच. तो बाथरूमच्या आत आहे, धुराची नळी नाही. बंद केलाय. सध्या विजेवर पाणी तापवतोय.

हेमाडी
चैत्राली, एक विचारतो. पाइपचा पुरवठा बंद पडला तर? मी जुना सिलिंडर भरून राखीव ठेवावा या मताचा आहे.

जोडारी
मी या मताचा नाही. राखीव सिलिंडर म्हणजे पाइपचे जेट असलेल्या हॉबला कोणीतरी घाईत तो जोडणार. सव्वादोन पट सांगितलंच आहे. शिवाय दोन्ही जोडण्या एका घरात ठेवायला परवानगी आहे का, ते आपापल्या ठिकाणी विचारावं लागतं. राखीव म्हणून विजेची इंडक्शन शेगडी बरी.

पुरवठा बंद पडला की मात्र सगळ्या चाव्या बंद केल्याची खात्री करा. ज्योत आपोआप विझते, गॅस तासाभराने परत येतो आणि उघडी चावी तशीच राहिलेली असते.

हेमाडी
वीज आणि गॅस दोन्ही एकाच वेळी गेले तर? आमच्या भागात झालंय. वेगळी, एलपीजीचीच एक बर्नरची शेगडी आणि छोटा सिलिंडर बाल्कनीत ठेवला तर चुकीची जोडणी होणारच नाही.

जोडारी
वेगळी शेगडी, उघडी बाल्कनी, सिलिंडर उभाच, जवळ मोरीचं तोंड नाही, आणि नियम परवानगी देत असेल तर हरकत घेणार नाही. काचेने बंद केलेली बाल्कनी असेल तर हरकत आहे.

मधुरा_क
हेमाडींचं मला पटतं, काकांचंही पटतं. आईकडे मी इंडक्शन ठेवलं, तिला दोन-दोन गॅस सांभाळायला लावणं नको.

चैत्राली (आठवड्याने)
तोच तंत्रज्ञ आला. फोटो दाखवल्यावर काही न बोलता 115 आणि 97 जागच्या जागी बसवले. मंद आचेच्या स्क्रूचं नाव घेतल्यावर माझ्याकडे जरा बघितलं, मग चारही चाव्यांची बटणं काढून एकेक स्क्रू फिरवला. साबणाच्या पाण्याला कुठेही बुडबुडा नाही. त्याने हॉबखालचं एलपीजीचं स्टिकर काढून पिशवीतलं पाइप गॅसचं लावलं, आणि काढलेले 50, 65, 85 त्याच पिशवीत घालून दिले. ती मी पुस्तिकेत परत चिकटवलीय.

रात्री सगळ्या चाव्या बंद करून मीटरचे आकडे लाल घरांसकट लिहून ठेवले. सकाळी सहाला पाहिलं तर शेवटचा आकडाही हललेला नव्हता. मधल्या बर्नरवर दोन लिटर पाणी साडेअकरा मिनिटांत उकळलं. अलार्म बिल्डरने ओट्याखाली लावला होता, तो छताखाली हलवून घेतला.

एकच राहिलंय. छोटा बर्नर मंदवर आता टिकतो, पण दुपारी कधी कधी विझतो. सकाळी नाही.

जोडारी
दुपारी शेजारची खिडकी उघडी असते का?

चैत्राली
हो. आणि वारा त्याच बाजूने येतो. उद्या खिडकी लोटून बघते आणि सांगते.